धनकोंना हमी कशासाठी?

'मोठ्या बँकेला सरकारने वाचवलेच पाहिजे' हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉन्टिनेंटल इलिनॉय बँक डबघाईला आली. ठेवविम्याची मर्यादा १ लाख डॉलर असूनही तिथल्या ठेवविमा महामंडळाने सर्व ठेवीदारांना आणि रोखेधारकांनाही पूर्ण हमी दिली. भागधारक बुडाले, व्यवस्थापन बदलले. धनकोंना मात्र झळ लागली नाही. खरा धोका इथेच आहे. पैसे बुडण्याची भीती असलेला धनको बँकेची कर्जे तपासतो, जास्त व्याज मागतो किंवा पैसे काढून घेतो. हमी मिळाली की हा पहारा उठतो आणि बँकेला जोखमीच्या कर्जांसाठीही स्वस्त पैसा मिळतो. म्हणून सामान्य ठेवीदाराला जरूर वाचवा. रोखेधारकांना तोटा सोसू द्या.

— एक वाचक, पुणे