दोन मैत्रिणींचें बोलणें

दोन मैत्रिणींचें चार वाक्यांचें बोलणें घेऊं. "काल आली कां नाहींस गं? चहा झाला, दिवे लागले तरी तुझा पत्ता नाहीं." "अगं, मी निघालेच होते, तों दारांतच पाऊस." "छत्री नव्हती?" "ती ह्यांनीं नेलेली!" ह्याचें गीत करावयाचें, पण बोलण्याची चाल मोडावयाची नाहीं.

गणवृत्तांत हें कठीण. 'अगं मी निघाले' हे शब्द भुजंगप्रयाताला आपोआप जुळतात, ही गंमत खरी; पण पुढचा प्रत्येक शब्द लघु-गुरूंच्या त्याच क्रमानें यावा लागतो, आणि मग मैत्रिणी संस्कृत बोलूं लागतात! म्हणून आम्ही धाकट्या अभंगांतला आठ अक्षरांचा चरण पसंत करतों. छंदांत केवळ अक्षरें मोजावयाचीं, ऱ्हस्वदीर्घाची अडचण नाहीं. मात्र चार अक्षरांवर जीभ किंचित् विसांवते, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

'मी निघालेच होते गं' हीं अक्षरें आठच. पण विसावा 'निघाले' व 'च' यांच्या मध्यें पडतो आणि ओळ ठेंचाळते. शब्द फिरवून 'अगं, होते निघालेच' म्हटलें कीं दोन्ही अर्धे सरळ बसतात, आणि तक्रारीचा तो 'च'ही हातचा जात नाहीं. उलट पहिल्या प्रश्नाचें 'काल कां गं आली नाहीं' केलें, तर मोजणी बरोबर येते, पण 'नाहींस'मधला 'स' गळतो. समोरच्या मैत्रिणीला असें कोणी विचारीत नाहीं. तेथें आम्ही 'काल'च सोडला. आमच्या ओळी अशा झाल्या :

"कां गं, नाहीं आलीस तूं?
चहा झाला, सांज झाली."
"अगं, होते निघालेच,
तोंच दारीं सर आली."
"छत्री नाहीं कां गं हातीं?"
"तीच ह्यांनीं नेली होती!"

प्रश्न किंवा उत्तर ओळीच्या मध्यें तुटत नाहीं, त्यामुळें 'ती म्हणाली', 'ही म्हणाली' घालावें लागत नाहीं. 'दिवे लागले' याची 'सांज झाली' केली ती मुख्यतः 'आली'च्या यमकासाठीं. अर्थ फारसा हलत नाहीं, म्हणून चालतें. 'हातीं-होती' हें यमक पंडितांस ढिलें वाटेल. आम्हांस तें घरगुती बोलण्यांत शोभतें.

आणखी एक अडचण उरते. 'सांज', 'सर' हे शब्द बोलतांना एकेका उच्चाराचे, पण छंदांत दोन-दोन अक्षरांचे. गातांना शेवटचा 'अ' उच्चारला जातो, म्हणून ओळींत असा एखादा शब्द खपतो. 'आज फार काम होतें' ह्या ओळींत मात्र असे तीन आले. कागदावर अक्षरें आठ, तोंडांत उच्चार पांचच! म्हणून ओळ लिहून झाली कीं ती एकदां जात्यावरच्या ओवीसारखी लांबवून म्हणावी, एकदां साधी बोलावी. दोन्ही वेळां विसावा एकाच ठिकाणीं पडला, तर ती ठेवावी.