वाशीमचा ताम्रपट आणि इंग्रजीतले छोटे वाक्य

1/ मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्हा आठवतो. पण वाशीम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे. तेथील मराठी माध्यमाचा विद्यार्थी आपल्या भागाचा प्राचीन इतिहास शोधू लागला, की त्याच्यासमोर पुष्कळदा इंग्रजी मजकूर येतो. तो ते वाक्य मनात मराठीत फिरवून मगच समजून घेतो. म्हणून इतिहासावर इंग्रजीत लिहिणाऱ्याने हा मनातला अनुवाद गृहीत धरूनच लिहिले पाहिजे.

2/ उदाहरण वाशीमच्याच ताम्रपटाचे घेऊ. तो 1939 मध्ये वाशीमला सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षी तो दिला. नांदेडकडील एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा तपशील प्राकृतात.

3/ एवढी माहिती एकाच इंग्रजी वाक्यात कोंबली, तर त्यात दोन-तीनदा ‘विच’ येतो. ‘...ब्राह्मणांना गाव दिल्याचा ताम्रपट, विच संस्कृत आणि प्राकृतात आहे’. हा ‘विच’ कोणाचा? गावाचा, दानाचा की ताम्रपटाचा? इंग्रजीत विशेषण-वाक्य नामाच्या मागून येते. मराठीत आपण ‘जो सापडला तो’ किंवा ‘सापडलेला’ असे ते बहुधा नामाच्या आधी ठेवतो. म्हणजे अनुवाद करणाऱ्याला सारे वाक्य उलटे बांधावे लागते. वाक्यात असे तीन सांधे असले, की एखादा तरी निखळतो.

4/ दुसरी अडचण शब्दांची. ‘ग्रँट’ म्हणजे दान, आणि दानपत्रही. ‘लेट’ म्हणजे काळाचा उत्तरार्ध, आणि दिवंगतही. ‘लेट वाकाटक किंग’ असे लिहिले, तर तो राजा उत्तरकालीन होता की नुकताच वारला, हे शब्दकोश सांगू शकत नाही. ‘वत्सगुल्म ब्रँच कॉपर प्लेट ग्रँट’ अशी नामांची रांग तर मराठीत उतरतच नाही, कारण मराठीला प्रत्येक नामामागे चा-ची-चे लागतात आणि इंग्रजी वाक्याने ते नाते सांगितलेलेच नसते.

5/ यावर उपाय साधा आहे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी आणि कर्ता स्पष्ट ठेवावा. ‘द प्लेट्स वेअर फाउंड इन वाशिम इन 1939. किंग विंध्यशक्ती द सेकंड गेव्ह अ व्हिलेज टु सम ब्राह्मिन्स. द प्लेट्स रेकॉर्ड धिस गिफ्ट.’ ही तीन वाक्ये त्याच क्रमाने मराठीत येतात. ‘ग्रँट’ऐवजी ‘गिफ्ट’ आणि ‘प्लेट्स’ असे दोन वेगळे शब्द वापरल्यामुळे दान आणि दानपत्र यांची गल्लतही होत नाही.

6/ नावांच्या बाबतीत जास्तच सावधगिरी हवी. शैलीसाठी शब्द बदलत राहण्याची सवय येथे घातक ठरते. प्राचीन वत्सगुल्म, इंग्रज अमदानीतील ‘बासिम’ आणि आजचे वाशीम हे एकच गाव आहे. एकाच टिपणात ही तिन्ही नावे आलटून पालटून आली, तर नवखा वाचक तीन गावे समजतो. त्यातच वाशीम जिल्हा झाला 1998 मध्ये. त्यापूर्वीच्या अनेक नोंदींत हे गाव अकोला जिल्ह्यात दिसते. ही ओळख एकदा स्वतंत्र वाक्यात करून द्यावी आणि पुढे एकच नाव वापरावे.

7/ यावर आक्षेप असा, की छोट्या वाक्यांनी इतिहास बाळबोध होतो. हा धोका खराच आहे. वाक्य तोडताना ‘कारण’, ‘तरीही’, ‘बहुधा’ हे शब्द गळतात आणि विद्वानाचा तर्क सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा दिसू लागतो. मिराशींनी हा ताम्रपट चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला. ताम्रपटावर मात्र वर्ष दिले आहे ते राज्यवर्षच. ‘तो चौथ्या शतकातला आहे’ हे वाक्य छोटे आहे, पण प्रामाणिक नाही. ‘मिराशींच्या मते’ हे शब्द ठेवलेच पाहिजेत.

8/ म्हणून वाक्य छोटे करताना शब्द मोजत बसू नये, सांधे मोजावेत. ‘दॅट’ किंवा ‘बिकॉज’ गाळल्याने वाक्य आखूड होते, पण अनुवादकाचा आधार जातो. पारखण्याची रीतही सोपी आहे. लिहिलेला परिच्छेद मराठीत शिकलेल्या मित्राला द्यावा आणि तोंडी मराठीत सांगायला सांगावे. तो जेथे अडखळेल किंवा ‘हे नेमके कोणाबद्दल?’ असे विचारील, ते वाक्य मोडून पुन्हा लिहावे.

9/ ताम्रपटात वंशाचा गौरव एका भाषेत आणि व्यवहाराचा मजकूर दुसऱ्या भाषेत का आहे, हे ताम्रपट सांगत नाही. पण गाव कोणाला मिळाले हे ज्यांना वाचायचे होते, त्यांना ते स्पष्ट कळणे भाग होते. मालेगावच्या वाचकालाही आपल्याच मुलखाचा इतिहास तितक्याच स्पष्टपणे कळायला हवा.