ही नोंद आहे की नवस?

मंडळी, शुक्रवारच्या फेल रनची तुमची नोंद वाचली: ‘लॉस nan आला, लर्निंग रेट कमी करून बघतोय.’

अरे, nan ४२०० व्या स्टेपला आला, पण ग्रेडियंट नॉर्म ४१५० पासूनच १ वरून ४० कडे चढत होता. लॉगमध्ये आहे, नोंदीत नाही! fp16 मध्ये ६५५०४ च्या पुढचा आकडा मावत नाही, त्यामुळे ओव्हरफ्लोचाही संशय आहेच. तुम्ही मात्र रेट आणि सीड दोन्ही एकदम बदललेत. आता रन चालला तरी कशामुळे, ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

४००० चा चेकपॉइंट घ्या, सीड आणि डेटाचा क्रम तोच ठेवा, फक्त bf16 करा. तरीही नॉर्म चढला, तर मग रेट. आणि लिहिताना ‘दिसलं’ वेगळं, ‘वाटतंय’ वेगळं. सोमवारी मी ग्राफच्या आधी नोंदच उघडणार आहे.