एक फॉर्म राहिला आणि 46,800 रुपयांचा कर लागला

हरसूलकरांनो, जरा वेळ काढून वाचा. दुकानदार, ठेकेदार, गाडीवाले, सगळ्यांनीच.

आपल्याच बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्या मित्राची गोष्ट. नाव सांगत नाही. आर्थिक वर्ष 2023-24 मध्ये त्याचं उत्पन्न 9 लाख. घरकर्जाचं व्याज 2 लाख, एलआयसी आणि पीपीएफ मिळून दीड लाख, स्वतःचा आणि आईवडिलांचा आरोग्य विमा 50 हजार. म्हणजे 4 लाखांची वजावट, सगळी कागदोपत्री पक्की. जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न उरलं 5 लाख आणि सवलत धरून कर शून्य. वर्षानुवर्षं तो असाच रिटर्न भरत आला.

त्या वर्षीही रिटर्न मुदतीत, 30 जुलैला भरला. पण भरणाऱ्याने फॉर्म 10-IEA भरलाच नव्हता, त्यामुळे रिटर्न नव्या प्रणालीत गेला. नव्या प्रणालीत यातली एकही वजावट चालत नाही. कर किती? 3 ते 6 लाखांवर 15 हजार, 6 ते 9 लाखांवर 30 हजार, वर 4 टक्के उपकर. झाले 46,800. पठ्ठ्याला हे कळलं "एवढे भरा" असा फोन आला तेव्हा. ऑगस्टमध्ये धावपळ करून फॉर्म भरला, सुधारित रिटर्न भरला. उपयोग शून्य. कलम 143(1) ची सूचना आली ती नव्या प्रणालीने हिशेब करूनच, वर व्याज.

आता कोणी म्हणेल, "चूक त्याचीच, तारीख पाळायची होती." अहो, रिटर्नची तारीख त्याने पाळलीच होती! चुकला तो त्याच तारखेच्या आत भरायचा एक वेगळा फॉर्म. शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्नमध्येच तसा पर्याय निवडला की झालं. धंद्याचं उत्पन्न असलं की मात्र वेगळा फॉर्म, त्याचा पावती क्रमांक, मग तो क्रमांक रिटर्नमध्ये. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही, अकाउंट्स खातं नाही, त्याच्याच माथी जास्तीचा कागद. हा कुठला न्याय?

आणि मुळात घोळ कशामुळे झाला? 2023 च्या अर्थसंकल्पापर्यंत जुनी प्रणाली आपोआप लागायची आणि नवी हवी असेल त्याने फॉर्म भरायचा. त्या अर्थसंकल्पाने उलटं केलं. आता नवी आपोआप, जुनी हवी असेल तर फॉर्म. म्हणजे ज्याने काहीच बदललं नाही, त्याचाच कर बदलला.

खरी चीड पुढे आहे. कंपन्यांना 22 टक्के दराचा लाभ घ्यायला असाच एक फॉर्म लागतो, 10-IC. अनेक कंपन्यांनी तो वेळेत भरला नाही. काय झालं? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च 2022 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2023 मध्ये परिपत्रक काढून उशीर माफ केला, नवी मुदत दिली. सनदी लेखापाल पदरी बाळगणाऱ्या कंपन्या विसरल्या तर "खरी अडचण" आणि हरसूलचा दुकानदार विसरला तर "कायदा तो कायदा"?

सरकारची बाजूही सांगतो. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे याच माणसाला आता फॉर्म लागणारही नाही. मान्य. पण 2023-24 ची मागणी त्याने माफ होत नाही, ती व्याजासकट उभीच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. ज्याने रिटर्न मुदतीत भरला आणि ज्याची वजावट खरी आहे, त्याचा 10-IEA चा उशीर कंपन्यांसारखाच परिपत्रक काढून माफ करा. आणि पुढे हा वेगळा फॉर्मच बंद करा, पर्याय रिटर्नमध्येच द्या.

तोवर आपण काय करायचं? ज्यांची वजावट मोठी आहे त्यांनी आधी दोन्ही प्रणालींत कर काढून बघा. जुनी परवडत असेल तर आधी फॉर्म, मग रिटर्न, आणि पावती क्रमांक स्वतःकडे मागून घ्या. "भरलंय" या शब्दावर जाऊ नका. एकदा जुनी घेतली की दरवर्षी फॉर्म लागत नाही, पण धंदा असताना नव्यात परत गेलात तर पुन्हा जुनीकडे येता येत नाही, हे ध्यानात ठेवा. मुदत चुकलीच असेल तर कलम 119(2)(b) खाली उशीर माफीचा अर्ज करता येतो. माफी मिळेलच असं नाही, पण कारण आणि पुरावे जोडून अर्ज करा.

आपल्यापैकी आणखी कोणाला अशी सूचना आली असेल तर कमेंटमध्ये फक्त "हो" लिहा. आकडे, पॅन काही टाकू नका. नावं जमली की खासदारांना एकत्र निवेदन देऊ. एकट्याचं कोणी ऐकत नाही, हे आता कळलंय.