‘ॲट द एंड ऑफ द डे’च्या जागी काय?

वक्तृत्व स्पर्धेची तयारी सुरू झाली की दर दुसऱ्या कॅडेटच्या भाषणात ‘ॲट द एंड ऑफ द डे’ ऐकू येतं. कोणी त्याचं ‘दिवसाच्या शेवटी’ करतं, तेव्हा तर सूर्य मावळला एवढंच कळतं. ‘सरतेशेवटी’ किंवा ‘शेवटी काय तर’ घातल्यानेही फार फरक पडत नाही. एक फाटकी नोट देऊन दुसरी फाटकी घेण्यातला तो प्रकार.

माझं मत असं की तिथे नवा शब्दप्रयोग शोधूच नये. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहील अशी एखादी वस्तू किंवा कृती त्या जागी ठेवावी.

वाराणसीत हे एकदा फार जोरकसपणे घडलं. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हस्ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली. समारंभ काही दिवस चालला. तिथे वक्त्यांनी भारताच्या गरिबीबद्दल कळकळीने सांगितलं. ‘गरीब देश’ हा तेव्हाही सभेतला ठरलेला शब्द होता. ६ तारखेला गांधीजी बोलायला उभे राहिले. गरिबीसाठी त्यांनी वेगळं विशेषण शोधलं नाही. समारंभाला आलेल्या राजेमहाराजांच्या अंगावरच्या दागिन्यांकडेच त्यांनी बोट दाखवलं. पवित्र काशीबद्दल बोलताना विश्वनाथ मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांतली घाण सांगितली. ऐकणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी पाहिलेल्या होत्या, म्हणून त्या झोंबल्या. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबायला सांगितलं, श्रोत्यांतून ‘बोलू द्या’ अशा हाका आल्या, काही मान्यवर उठून गेले आणि भाषण अर्धवट राहिलं. नेमकं बोलण्याची ही किंमत असते, हेही लक्षात ठेवावं.

आता आपल्याकडचं वाक्य घेऊ : ‘ॲट द एंड ऑफ द डे शिस्तच महत्त्वाची.’ पहिले शब्द खोडा. उरलं ‘शिस्तच महत्त्वाची’. हे कोणत्याही शाळेत, कोणीही म्हणेल. मग कॅडेटला विचारावं, तुला हे कधी जाणवलं? तो सांगतो, लांब दौडीहून आल्यावर टाच सोलली होती, तरी झोपण्याआधी बूट पॉलिश केले. हेच वाक्य भाषणात जावं, आणि त्यात ‘शिस्त’ हा शब्द आला नाही तरी चालेल. काहीच आठवत नसेल, तर त्या मुद्द्यावर बोलू नये.

ड्रिलचं मात्र उलट आहे. ‘सावधान’ हा शब्द रोज तोच आणि तसाच हवा, कारण तो ऐकून विचार करायचा नसतो, टाचा जुळवायच्या असतात. प्रमुख पाहुण्यांचं नाव आणि हुद्दाही ठरलेल्या क्रमानेच घ्यावा. तिथे कोणी कल्पकता दाखवली, तर मी गुण कापतो.