निर्णय कथेच्या मध्यावर हवा

तालुक्याच्या गावातली एक मुलगी. पदवीधर, टायपिंगची परीक्षा पास झालेली. लिपिक-टंकलेखक म्हणून नियुक्तिपत्र हातात पडतं त्याच आठवड्यात मुंबईच्या डिझाइन अभ्यासक्रमालाही नाव लागतं. आई देवापुढे पेढे ठेवते, वडील नातेवाइकांना फोन करत सुटतात आणि मुलगी रात्रभर तळमळते. पहाटे नियुक्तिपत्र फाडून पहिल्या एसटीने ती निघते. कधी उलटं होतं. ती चित्रकलेची वही माळ्यावर टाकते, साडी नेसून कचेरीत जाते आणि शेवटच्या ओळीत तिच्या डोळ्यांतून एक थेंब फाइलीवर पडतो. कथास्पर्धांत आणि दिवाळी अंकांत ही कथा या दोन शेवटांनिशी आपण वाचत आलो आहोत. माझा आक्षेप दोन्ही शेवटांना आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच आळस आहे: लेखकाला ना ती नोकरी माहीत असते, ना तो अभ्यासक्रम.

पहिला पूर्वपक्ष असा की, कारकुनी म्हणजे पिंजरा आणि डिझाइन म्हणजे मोकळं आभाळ. ज्याला हे पटतं त्याने तालुक्याच्या एखाद्या फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी तासभर बसावं. आपली नायिका तिथेच काम करते असं धरू, कारण टायपिंग येणाऱ्या मुलीला छोट्या गावात मिळणारं हे अगदी नेहमीचं काम आहे. कार्यकर्ता व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतो: ‘हार्दिक शुभेच्छा’. दुकानातलं कोरल ड्रॉ जुनं, फॉन्टही युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा. मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर नुसत्या खुणा उमटतात. तो पुन्हा टाइप तरी करावा लागतो किंवा कन्व्हर्टरमधून तरी काढावा लागतो. त्यातूनही ‘हार्दिक’मधली वेलांटी ‘द’च्या पुढे जाऊन बसते आणि रफार भलत्याच अक्षरावर चढतो. मालक म्हणतो, ‘चालतंय की, कोण वाचतंय!’ ही मुलगी मात्र तो रफार सुटा करते, उचलून जागेवर आणते, शिरोरेखेत पडलेली फट बुजवते आणि मगच फाइल छपाईला सोडते. तिच्या कथेचं बीज इथे आहे. तिला ‘कलेची ओढ’ आहे असं लिहून भागत नाही. तिला चुकीच्या जागी बसलेला रफार सहन होत नाही, हे लिहावं लागतं.

आता कचेरीकडे वळू. लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी मराठी मजकूर वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये टाइप होत आला, तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवला. र. कृ. जोशींनी अनेक वर्षं जाहिरातक्षेत्रात नोकरी केली आणि नंतर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं. आयडीसी १९६९ सालची. म्हणजे आपल्या नायिकेला नोकरी मिळवून देणारी अक्षरं आणि तिला जिथे शिकायचं आहे ती संस्था एकमेकांना अनोळखी नाहीत. कचेरीतल्या पडद्यावर ती रोज ज्यांकडे बघणार, ती अक्षरं कुणीतरी बसून रेखली आहेत. हे तिला कळतं तो क्षण कथेत आला, तर पिंजरा आणि आभाळ ही जोडी आपोआप मोडून पडते.

दुसरा पूर्वपक्ष घरातल्या वडीलधाऱ्यांचा, आणि तो लेखकांनाही मोहात पाडतो: ‘आधी चिकटून घे, मग शीक. रजा काढता येते.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सरकारी सेवेत अध्ययन रजा साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, आणि तीही नोकरीतल्या कामाशी संबंध असलेल्या शिक्षणासाठी. महसूल शाखेतल्या लिपिकाने अक्षररचना शिकायला दोन वर्षं मागितली, तर तो अर्ज कुठल्या शेऱ्यासह परत येईल, हे कुठलाही हेडक्लार्क सांगेल. तेव्हा काकांच्या तोंडचं हे वाक्य कथेत जरूर यावं, पण ते खोटं ठरण्यासाठी यावं. ते खोटं आहे हे मुलीला आधीच ठाऊक असेल आणि तरीही ती काकांपुढे गप्प बसली, तर तेवढ्यातच तिचा स्वभाव दिसतो.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत पसरलेला: ‘ही संधी पुन्हा येणार नाही.’ लेखकाला शेवटाकडे पळायची घाई असते, म्हणून तो मुदतीची घंटा वाजवतो. नियम काय सांगतात ते पाहू. महाराष्ट्रात अशा पदासाठी खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. बारावीनंतरच्या डिझाइन पदवीला वयाची अट असते, पण आपली नायिका पदवीधर आहे. पदव्युत्तर डिझाइनसाठी आयआयटी मुंबई जी सीईईडी परीक्षा घेते, तिला वयोमर्यादा नाही आणि किती वेळा बसावं यालाही बंधन नाही. परीक्षा जानेवारीत, निकाल वसंतात, मग संस्थेची चाचणी आणि मुलाखत, आणि पावसाळ्यात वर्ग. दरवर्षी हाच क्रम.

म्हणजे कागदावर दोन्ही दारं उघडी आहेत. कुणी म्हणेल, मग पेच उरलाच कुठे? पेच इथेच सुरू होतो. लिपिकाची जाहिरात निघाल्यापासून नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि त्या गर्दीतून पुन्हा वर येणं कुणाच्या हातात नसतं. दुसरीकडे सीईईडी पुढच्या जानेवारीतही आहे, पण तोवर तिच्या पगाराला घरात वाटा फुटलेल्या असतात. नियम दार लावत नाहीत, ते घरातल्या हिशेबात हळूहळू लागत जातं. कथा या हिशेबाची हवी.

तो मांडूनच पाहू. सातव्या वेतन आयोगात या पदाचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता पन्नास टक्के धरला आणि गावचा घरभाडे भत्ता मिळवला, तर निवृत्तिवेतन योजनेची दहा टक्के कपात जाऊन हातात साधारण २८ हजार येतात. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना वडिलांच्या पिढीचं जुनं पेन्शन आपोआप मिळत नाही. त्यामुळे ‘म्हातारपणाची काळजी मिटली’ हे आजीचं वाक्यही तपासूनच लिहावं लागेल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे २८ हजार महिन्याला बुडतात, म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास. वर फी, लॅपटॉप आणि मुंबईतलं राहणं यांसाठी पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज धरा. साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही, पण पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचं, तर हप्ता महिना ८,३०० रुपये. शिकत असतानाचं व्याज चढलं की त्याहून थोडा जास्त.

या आकड्यांत कथेचा सर्वांत जिवंत प्रसंग दडलेला आहे, आणि तो एसटी स्टँडवर घडत नाही, बँकेत घडतो. वडिलांना सहकर्जदाराच्या रकान्यात सही करायची आहे. मॅनेजर विचारतो, ‘मुलगी काय करते?’ वडील सांगतात, ‘सरकारी नोकरी लागलीय तिला.’ मॅनेजर मान वर करून बघतो: ‘मग कर्ज कशाला?’ वडिलांपाशी उत्तर नाही. पेन हातात तसंच. मुलगी म्हणते, ‘बाबा, हप्ता मी भरणार आहे.’ आणि वडील, मॅनेजरकडे न बघता: ‘ते ठाऊक आहे गं. तू भरशील तेव्हा घरात काय भरायचं, ते विचारतोय मी.’ हे वाक्य बोलणारा बाप खलनायक नाही. पगाराचा पहिला दिवस उजाडण्याआधीच त्याने मनात त्या पगारातून घराचे गळके पत्रे बदलले आहेत.

मिळवत्या मुलीवर घराचा हक्क कसा बसत जातो, हा विषय मराठीला नवा नाही. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं, तेव्हाच शिकलेल्या मुलींची घुसमट मराठी कथेत उघडपणे बोलू लागली. त्या वाटेने पुढे जायचं, तर आजच्या नायिकेपुढची तिसरी शक्यता टाळता येणार नाही: नोकरीवर रुजू व्हायचं, तीन वर्षं पैसे साठवायचे आणि राजीनामा देऊन जायचं. नियमांत हे बसतं. पण तीन वर्षांत घराला पत्रे बसलेले असतात, भावाची इंजिनिअरिंगची फी तिच्या खात्यातून जाते, आणि येणारं प्रत्येक स्थळ ‘सरकारी नोकरीवाली’ मुलगी बघायला येतं. तेव्हाचा राजीनामा हा आजच्या नकारापेक्षा कितीतरी महाग असतो.

यावर मुरलेला समीक्षक म्हणेल: कथा म्हणजे शासन निर्णय नव्हे, आकड्यांनी कथा कोरडी पडते. लेखक परिपत्रक उतरवू लागला तर पडते, हे मान्य. पण इथे प्रत्येक आकडा कुणाच्या तरी तोंडी आहे, आणि तो उच्चारताना माणूस उघडा पडतो. ३८ वर्षांची मर्यादा मावशी सांगते तेव्हा तिला स्वतःचं हुकलेलं वय आठवत असतं. ८,३०० हा आकडा मुलगी फ्लेक्सच्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर काढते आणि मालकाला दिसू नये म्हणून पुसते. कोरडेपणा येतो तो ‘स्वप्न’, ‘पंख’, ‘भरारी’ या शब्दांनी, कारण ते कुठल्याही मुलीच्या कुठल्याही कथेत बसतात.

खंडन झालं, आता मंडन. माझं म्हणणं एवढंच की, निर्णय कथेच्या शेवटी नको, मध्यावर हवा. शेवटी ठेवला की कथा कौल मागते: बंडखोर की आज्ञाधारक? वाचक आपल्या बाजूचा शेवट मिळाला की खूश होतो आणि पान उलटतो. निर्णय मध्यावर आला की उरलेल्या अर्ध्या कथेला त्याची किंमत दाखवावीच लागते. ती मुंबईला गेली, तर तिथल्या वर्गात इंग्रजीतून टीका ऐकताना तिची होणारी गोची लिहा. आपण जन्मभर पाहिलेली देवनागरी अक्षरं हेच आपल्याजवळचं भांडवल आहे, हे तिला कितव्या महिन्यात कळतं तेही लिहा. ती कचेरीत राहिली, तर आवक-जावक नोंदवहीचा विस्कटलेला तक्ता ती स्वतःहून नीट आखते आणि वरिष्ठ ‘जुनाच नमुना चालू ठेवा’ म्हणतात, तो दिवस लिहा. दोन्ही कथा खऱ्या होऊ शकतात. लेखकाने कुठली निवडावी, यावर माझा आग्रह नाही. तिने काय निवडलं हे अर्ध्यात सांगून टाकावं आणि मग त्या निवडीचा हप्ता ती दरमहा कसा भरते, तिथे कथा न्यावी, हा मात्र आहे.