जिभेखालची गोळी, यकृताचा जकात नाका आणि आपले त्रिकटू

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवावयाची गोळी आपल्या जिल्ह्यातील अनेक हृद्रोगी रुग्णांच्या खिशात किंवा बटव्यात असते. ती पाण्याबरोबर गिळणाऱ्यांची संख्याही थोडी नाही, हे वैद्यबंधू व औषध दुकानदार या दोघांनाही ठाऊक आहे. रुग्णाचा तर्क सरळ असतो : गोळी पोटात गेली म्हणजे अंगाला लागली. या गोळीच्या बाबतीत तो तर्क का फसतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण ज्या शारीर-व्यवस्थेमुळे तो फसतो, त्याच व्यवस्थेशी आपल्या नित्याच्या वापरातील एक चूर्ण झगडत असते. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

जठर व लहान आतडे यांतून शोषले गेलेले द्रव्य थेट हृदयाकडे जात नाही. तेथील सर्व शिरा पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या शिरेत एकत्र येतात आणि ती शिरा यकृतात शिरते. म्हणजे गिळलेल्या औषधाला सर्व शरीरात पसरण्यापूर्वी यकृताच्या जकात नाक्यावरून जावेच लागते. तेथील पेशींत, आणि काही प्रमाणात आतड्याच्या अस्तरातही, औषधांचे रूप पालटणारी विकरे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठे कुल सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखले जाते. काही औषधे या नाक्यावरून जवळजवळ अक्षत सुटतात, तर काहींचा मोठा अंश पहिल्याच फेरीत नष्ट होतो. या पहिल्या फेरीतील ऱ्हासालाच आधुनिक औषधशास्त्र 'फर्स्ट पास' म्हणते. यकृतातील या व्यापारास भूताग्नीचे आधुनिक नाव म्हणण्याचा मोह आपल्यातील अनेकांना होतो. आमच्या मते ती घाई करू नये. दोन शास्त्रांच्या परिभाषा एकमेकींवर चिकटवल्याने दोन्ही पुसट होतात.

हृद्शूलावरील नायट्रेट वर्गाची औषधे हे या ऱ्हासाचे उत्तम उदाहरण. ग्लिसरिल ट्रायनायट्रेट गिळले, तर यकृतातील विकरे त्यावरील नायट्रेटचे गट इतक्या वेगाने काढून टाकतात की मूळ औषधाचा नगण्य अंशच रक्ताभिसरणात पोहोचतो. विल्यम मरेल या इंग्रज वैद्यकाने १८७९ साली लॅन्सेट साप्ताहिकात हे औषध हृद्शूलावर प्रथम सुचविले. त्यापूर्वी त्याने औषधाच्या विरल द्रावणात बुडविलेले बूच स्वतःच्या जिभेला लावून पाहिले होते. काही क्षणांतच त्याचे डोके ठणकू लागले आणि नाडी जोराने उडू लागली. औषध तोंडाच्या अस्तरातून रक्तात गेल्याचा तो पुरावा होता, यकृताचे गणित मात्र बऱ्याच नंतर उलगडले. जिभेखालील शिरांचे रक्त मानेतील शिरांमधून सरळ हृदयाकडे जाते, वाटेत यकृत लागत नाही.

आपल्याकडे अधिक प्रचलित असलेली गोळी म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, बहुधा ५ मिलिग्रॅमची. उघड्या डबीत ग्लिसरिल ट्रायनायट्रेट उडून जाते, कापसात व प्लास्टिकमध्ये मुरते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर त्याचा भरवसाच नको. त्या मानाने डायनायट्रेट टिकाऊ आहे. जिभेखाली ते दोन ते पाच मिनिटांत काम सुरू करते. गिळल्यास सुमारे एकचतुर्थांश भागच अक्षत पोहोचतो आणि परिणाम दिसावयास पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

आष्टी तालुक्यातील एखाद्या गावी पन्नाशीच्या शेतकऱ्यास वखर चालविताना छातीत दाब जाणवला, असे समजू. तो गोळी पाण्याबरोबर गिळतो. पाच मिनिटांत आराम नाही म्हणून दुसरी गिळतो, नंतर तिसरी. दुखणे थांबत नाही, म्हणून तो घाबरतो. अर्ध्या तासाने मात्र तिन्ही गोळ्यांचा उरलेला अंश व यकृतात त्यांपासून बनलेले मोनोनायट्रेट एकदमच परिणाम दाखवू लागते. तोवर तो सेवाग्रामच्या वाटेवर गाडीत बसलेला असतो, घाम आलेला, आणि आता त्याचा रक्तदाब उतरून चक्कर येते. वेळ गेला तो गेलाच, आणि औषधाचा उपयोग होण्याऐवजी उपद्रव झाला.

योग्य रीत अशी : रुग्णाने बसावे, तोंड कोरडे असल्यास आधी जीभ ओली करावी, एक गोळी जिभेखाली विरघळू द्यावी आणि तोवर लाळ गिळू नये, पाणी पिऊ नये. डोके जड होणे हे औषध पोहोचल्याचे चिन्ह होय. पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही, तर दुसऱ्या गोळीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, जी महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. रक्तदाबाचा वरचा आकडा ९० पेक्षा कमी असेल, किंवा मागील २४ तासांत सिल्डेनाफिल अथवा ४८ तासांत टाडालाफिल घेतले असेल, तर ही गोळी देऊ नये.

दुकानदारबंधूंना आमची एक विनंती आहे. पट्टी कापून चार गोळ्या देताना नाव असलेला तुकडा दुसऱ्या ग्राहकाकडे जातो आणि गोळीची ओळख हरवते. पाकिटावर ठळक अक्षरांत 'जिभेखाली ठेवणे, गिळू नये' असे लिहावे. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे मात्र यकृताच्या नाक्यावरून जवळजवळ अक्षत सुटणारे औषध आहे. ते दररोज गिळून घ्यावयाचे, कळ आल्यावर जिभेखाली ठेवावयाचे नव्हे. नावे सारखी असल्याने येथे गोंधळ होतो.

हाच नाका टाळण्याचा दुसरा मार्ग सुईचा. परंतु सर्वच इंजेक्शने यकृतामुळे दिली जातात असे नाही, हा भेद बहुतेक वेळा दुर्लक्षिला जातो. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधी मरणशय्येवर असताना देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागविले होते. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल असे कळल्यावर गांधीजींनी त्याला संमती दिली नाही. त्या काळचे पेनिसिलिन गिळण्याजोगे नव्हते, ते जठरातील आम्लाने नष्ट होई म्हणून. यकृताचा त्यात दोष नव्हता. इन्सुलिन व सर्पविषाची प्रतिलस ही प्रथिने असल्याने पोटात पचतात, म्हणून टोचावी लागतात. मॉर्फिनचा मुद्दा मात्र खराखुरा यकृताचा : १० मिलिग्रॅम इंजेक्शनाची बरोबरी साधावयास सुमारे ३० मिलिग्रॅम गिळावे लागते.

बस्तीविषयी वाचक विचारतील, म्हणून एक ओळ. गुदाच्या खालच्या भागातील शिरा यकृत टाळून हृदयाकडे जातात, वरच्या भागातील शिरा मात्र पोर्टल व्हेनला मिळतात. त्यामुळे बस्तीचे द्रव्य किती वर पोहोचले यावर यकृताचा हिस्सा अवलंबून राहतो. निरूह बस्तीचे प्रमाण पाहता ते पूर्णतः यकृत टाळते असे म्हणता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रोप्रॅनोलॉल हे औषध अर्धशिशी, कंप व थायरॉइडच्या विकारांत पुष्कळांना दिलेले असते. शिरेतून ते एकेक मिलिग्रॅम देतात, तोंडाने मात्र ४० मिलिग्रॅम. एवढे अंतर पडते ते बहुतांशी पहिल्या फेरीमुळे : निरोगी माणसात गिळलेल्या मात्रेच्या साधारण एकचतुर्थांश भागच रक्तात पोहोचतो. तात्पर्य, या औषधाच्या गोळीतील मात्रा यकृत आपला वाटा घेणार हे गृहीत धरून ठरविलेली आहे. यकृताने वाटा घेतला नाही, तर तीच ४० मिलिग्रॅमची गोळी दुप्पट वा अधिक प्रभावी ठरेल. यकृत सुकलेल्या रुग्णात असे घडतेच.

निरोगी यकृतातही हे घडवून आणणारे द्रव्य आपल्या फडताळात आहे. मिरी व पिंपळी यांतील पायपरिन यकृताच्या व आतड्याच्या काही विकरांना मंद करते. जम्मू येथील संशोधकांनी १९९१ साली सहा निरोगी व्यक्तींना सात दिवस दररोज २० मिलिग्रॅम पायपरिन देऊन प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम दिले. औषध लवकर शोषले गेले, रक्तातील त्याचा उच्चांक वाढला आणि एकूण पोहोचलेले प्रमाणही वाढले. थिओफिलिनच्या बाबतीतही तसेच आढळले.

आता आपले गणित करू. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी समभाग. एक ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिले, तर दिवसाकाठी मिरी सुमारे ६६५ मिलिग्रॅम व पिंपळीही तितकीच जाते. मिरीत पायपरिन पाच टक्के धरले तर ३३ मिलिग्रॅम, पिंपळीत दोन टक्के धरले तर १३ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. प्रयोगातील मात्रेच्या हे दुपटीहून अधिक आहे. चूर्णातील पायपरिन शुद्ध पायपरिनाप्रमाणेच शोषले जाते असे आम्ही म्हणत नाही, मालाची प्रतही बदलते. परंतु सावध राहावयास एवढे पुरेसे आहे.

अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणारी हिंगणघाटची एखादी गृहिणी अग्निमांद्याची तक्रार घेऊन येते, आपण त्रिकटू देतो, आणि आठवड्याने ती थकवा व उठताना अंधारी सांगते. आपण त्याला दौर्बल्य समजून दुसरे काही देतो. नाडी मोजली असती तर ती ५२ आढळली असती. अशा रुग्णांत त्रिकटू सुरू करण्यापूर्वी, चौथ्या दिवशी व आठव्या दिवशी नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, रक्तदाब पाहावा. नाडी ५५ च्या खाली गेली, अंधारी आली किंवा श्वासात शिट्टी ऐकू आली तर त्रिकटू बंद करावे. प्रोप्रॅनोलॉल मात्र आपण बंद करू नये, कारण ते एकाएकी सोडल्याने हृदयास धोका संभवतो. रुग्णास ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठीसह पाठवावे.

अपस्मारात फेनिटॉइन घेणाऱ्या व दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या रुग्णांत आमचा आग्रह याहून कडक आहे. या दोन औषधांच्या हितकर व घातक मात्रांत अंतर फार थोडे, तेव्हा त्यांच्या जोडीला त्रिकटू द्यावयाचेच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून द्यावे, एरवी सुंठीवर भागवावे. रुग्ण आपणहून गोळ्यांची नावे सांगत नाही. पिशवी उघडून दाखवायला सांगावे लागते.